समितीचा सदस्य प्रतिवादीच्या कर्जाला जामीनदार असतो तेव्हा : एका लेखी हरकतीचे प्रकरण

पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तिथल्या गुणवत्ता तपासणी विभागातल्या एका तरुण अभियंतीने उत्पादन विभागाच्या प्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे दिली. तक्रार मुदतीत होती, म्हणजे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट होते आणि दोन साक्षीदारांची नावे होती. तक्रार कच्ची नव्हती. अडचण आली ती समितीत बसलेल्या माणसांची.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा चौकशांमध्ये जे घडते, जी पत्रे लिहिली जातात आणि त्यांना जी उत्तरे येतात, त्यांवरून ते रचले आहे. म्हणून यात कुणाचेही नाव नाही. कायद्याचा भाग मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

समितीत चार जण होते. अध्यक्ष म्हणजे लेखा विभागातल्या वरिष्ठ मॅडम. सदस्य म्हणून खरेदी विभागाचे व्यवस्थापक आणि एचआरमधल्या एक अधिकारी. बाह्य सदस्य म्हणून महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेतल्या वकील बाई. कागदावर समिती बरोबर होती. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधून आणि एक बाहेरचा असावा लागतो, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. हे सगळे होते. त्यामुळे समितीची रचनाच बेकायदा आहे, असे म्हणायला जागा नव्हती. बाह्य सदस्यच नेमलेला नसता किंवा अध्यक्ष पुरुष असता, तर हरकत वेगळी आणि जास्त जड झाली असती, कारण तिथे कोणाच्या मनात काय आहे हे पाहायचीही गरज पडत नाही.

पहिल्या बैठकीत तक्रारदाराचा जबाब सुरू झाला. खरेदी व्यवस्थापकांनी तिला विचारले, “मॅडम, इतके महिने गप्प का बसलात?” हा प्रश्न खटकला तरी चौकशीत असा प्रश्न येऊ शकतो. त्यापुढचे वाक्य मात्र प्रश्न नव्हते. “साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलंय, माहितीये ना तुम्हाला?” अध्यक्षांनी विषय बदलला. रोजनाम्यात पहिला प्रश्न आणि त्याचे उत्तर आले, दुसरे वाक्य आले नाही. तक्रारदाराने सही करण्यापूर्वी रोजनामा वाचला आणि ते वाक्य त्यात नसल्याचे बोलून दाखवले. “ते काही जबाबात येत नाही गं, राहू दे,” अध्यक्ष म्हणाल्या. तिने सही केली, पण सहीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : ‘सदस्यांनी प्रतिवादींच्या मुलीच्या लग्नाबद्दल केलेले विधान यात नोंदवलेले नाही.’ पुढे जे जे घडले त्याला या एका ओळीचा आधार मिळाला. बैठक संपल्यावर, घरी जाऊन, आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्या गोष्टीला तेवढे वजन येत नाही.

दोन दिवसांनी विभागातल्या एका सहकारी बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले, की खरेदी व्यवस्थापक आणि प्रतिवादी आधीच्या कंपनीतही एकत्र होते, रोज एकाच गाडीने येतात-जातात, आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून प्रतिवादींनी घेतलेल्या कर्जाला हेच गृहस्थ जामीनदार आहेत. गाडीचे सगळ्या कारखान्याला माहीत होते. जामिनाचे तिला तेव्हाच कळले.

त्याच रात्री तिने पत्राचा मसुदा केला. त्याचा मजकूर साधारण असा होता : समिती प्रतिवादींच्या खिशात आहे. खरेदी व्यवस्थापक त्यांचे लंगोटीयार आहेत. एचआरच्या अधिकारी वार्षिक स्नेहसंमेलनात प्रतिवादींसोबत फोटो काढतात. बाह्य सदस्यांना कंपनी पैसे देते, मग त्या कंपनीविरुद्ध बोलणार कशा? सगळी समिती बरखास्त करून नवी नेमा, नाहीतर मी पुढच्या बैठकीला येणार नाही.

तिचा संताप खरा होता आणि त्याला कारणही होते. पण हे पत्र गेले असते तर प्रकरण बिघडले असते. कुठे बिघडले असते ते नीट पाहायला हवे, कारण बहुतेक मसुदे याच वळणाचे असतात.

पहिला दोष असा, की एका भक्कम हरकतीला तीन कच्च्या हरकती बांधल्या गेल्या. बाह्य सदस्याला मानधन किंवा भत्ता देण्याची सोय कायद्यातच आहे. कंपनी पैसे देते एवढ्यावरून बाह्य सदस्य पक्षपाती ठरवायचा तर देशात एकही समिती उरणार नाही. स्नेहसंमेलनातल्या फोटोत निम्मा कारखाना असतो. एचआर अधिकाऱ्यांचे वार्षिक मूल्यांकन प्रतिवादी करत असते तर ती हरकत दखल घेण्याजोगी होती, पण तसे नव्हते. उत्तर लिहिणारा माणूस अशा पत्रातला सर्वात कच्चा मुद्दा आधी उचलतो, तो खोडतो आणि पूर्ण पत्र ‘बिनबुडाचे’ म्हणून बाजूला ठेवतो. जामिनाच्या मुद्द्यापर्यंत तो पोचतच नाही.

दुसरा दोष ‘खिशात आहे’ या शब्दांत आहे. सदस्याच्या मनात पक्षपात आहे हे सिद्ध करण्याचा बोजा तक्रारदाराने उगाच अंगावर घेतला. कायदा तिच्याकडून एवढे मागतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९५७ मध्येच स्पष्ट केले आहे. माणकलाल विरुद्ध डॉ. प्रेमचंद सिंघवी हे ते प्रकरण. राजस्थानातल्या एका वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार झाली आणि चौकशीसाठी तीन जणांचे न्यायाधिकरण नेमले गेले. त्याच्या अध्यक्षांनी पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने वकीलपत्र घेतले होते. त्या अध्यक्षांच्या मनात खरोखर काही होते, असे न्यायालय म्हणाले नाही. पक्षकाराला पक्षपाताची वाजवी भीती वाटावी अशी परिस्थिती आहे का, एवढेच पाहायचे असते आणि तशी ती होती, असे न्यायालयाने सांगितले. तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, रणजित ठाकूर या लष्करी जवानाच्या प्रकरणात हेच तत्त्व अधिक नेमके झाले. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली होती, तोच अधिकारी त्याच्या कोर्ट मार्शलमध्ये बसला होता. न्यायाला बसलेल्या माणसाने ‘माझ्या मनात काही आहे का’ असे स्वतःला विचारून भागत नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनात काय येईल ते पाहावे लागते, असे न्यायालयाने म्हटले आणि ती कारवाई रद्द केली.

म्हणून पत्रात ‘तुम्ही पक्षपाती आहात’ असे लिहायचे नसते. ‘या या वस्तुस्थितीमुळे मला पक्षपाताची वाजवी भीती वाटते’ असे लिहायचे असते. पहिल्या वाक्याने सदस्याची अब्रू पणाला लागते आणि तो पेटून उठतो. दुसऱ्या वाक्यानंतर त्याला ‘मी निःपक्षपाती आहे’ एवढे म्हणून सुटता येत नाही, कारण तो वादाचा मुद्दाच नाही. वस्तुस्थिती खरी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा दोष सगळ्यात महागात पडला असता : ‘मी बैठकीला येणार नाही.’ याच कायद्याखालच्या २०१३ च्या नियमांतल्या नियम ७ नुसार तक्रारदार किंवा प्रतिवादी पुरेशा कारणाशिवाय लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिले, तर समिती पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन चौकशी बंद करू शकते किंवा एकतर्फी निर्णय देऊ शकते. बहिष्काराने तक्रारदार स्वतःच्याच तक्रारीचा दरवाजा लावून घेते.

पण बैठकीला मुकाट्याने जाणेही धोक्याचे असते. माणकलाल प्रकरणाचा निकाल शेवटी माणकलालच्या विरुद्ध लागला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. न्यायाधिकरणाची रचना सदोष होती हे न्यायालयाने मान्य केले. तरीही माणकलालला त्या अध्यक्षांचा पूर्वसंबंध माहीत असून त्याने न्यायाधिकरणापुढे हरकत घेतली नाही, निर्णय विरुद्ध गेल्यावर उच्च न्यायालयात पहिल्यांदा मुद्दा काढला, म्हणून त्याने आपला हक्क सोडून दिला असे धरले गेले. १९७६ मध्ये लखनौ विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या निवडीच्या प्रकरणात, जी. सरना यांच्या बाबतीत, हेच झाले. निवड समितीत कोण आहे हे ठाऊक असूनही मुलाखत दिली आणि नाव न लागल्यावर पक्षपात सांगितला, हे न्यायालयाने ऐकून घेतले नाही. निकाल काय लागतो ते पाहू, आपल्या बाजूने लागला तर ठीक, नाहीतर हरकत घेऊ, असा पवित्रा कायद्याला चालत नाही. कळले की लगेच लिहायचे, आणि कधी कळले तेही लिहायचे.

तक्रारदाराने दुसरा मसुदा केला तो यावरून. पत्र कोणाला लिहायचे, हा पहिला प्रश्न होता. समितीच्या सदस्याला बाजूला करण्याचा अर्ज कसा करावा, याचे वेगळे कलम या कायद्यात नाही. कलम ४ च्या पोटकलम ५ मध्ये सदस्याला समितीतून काढण्याची कारणे आहेत : गोपनीयतेचा भंग, गुन्ह्याची शिक्षा किंवा गुन्ह्याची चालू चौकशी, शिस्तभंगाची कारवाई, आणि पदाचा असा गैरवापर की त्याने पदावर राहणे लोकहिताला बाधक ठरावे. मैत्री किंवा आर्थिक संबंध त्यात येत नाही. पण इथे सदस्याला कायमचे काढा असे कुणी म्हणतच नव्हते. या एका चौकशीत त्याने बसू नये, एवढीच मागणी होती. तिचा आधार नियम ७ मध्येच आहे, कारण चौकशी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनुसार करायची असे तो नियम सांगतो, आणि निःपक्षपाती ऐकणारा हे त्यातले पहिले तत्त्व. समिती लेखी आदेशाने नेमतो तो नियोक्ता. तेव्हा पत्र नियोक्त्याला आणि त्याची प्रत अध्यक्षांना द्यायची. दोघांपैकी एकालाच दिले तर ‘हा माझा अधिकार नाही’ असे उत्तर येते आणि आठवडा वाया जातो.

पत्र असे होते :

प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक (नियोक्ता)
प्रत : मा. अध्यक्ष, अंतर्गत समिती
गोपनीय

विषय : माझ्या तक्रारीच्या चौकशीत समितीचे सदस्य श्री. … (खरेदी विभाग) यांच्या सहभागास हरकत.

महोदय,

माझ्या तक्रारीची चौकशी अंतर्गत समितीपुढे सुरू असून पहिली बैठक दि. … रोजी झाली. वरील सदस्यांबाबत पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणत आहे.

सदर सदस्य व प्रतिवादी हे याआधी एकाच कंपनीत काम करत होते व सध्या दररोज एकाच वाहनाने कामावर येतात. प्रतिवादींनी कर्मचारी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जास सदर सदस्य जामीनदार आहेत, असे मला दि. … रोजी समजले. माझ्याकडे याची कागदपत्रे नाहीत. सदस्यांनी स्वतः याबाबत लेखी होय किंवा नाही असे सांगावे, ही विनंती. प्रतिवादींची नोकरी गेल्यास कर्जफेडीची जबाबदारी सदस्यांवर येऊ शकते, म्हणून या चौकशीच्या निष्कर्षात त्यांचा आर्थिक संबंध आहे.

पहिल्या बैठकीत सदर सदस्यांनी “साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलंय, माहितीये ना तुम्हाला?” असे विधान केले. ते रोजनाम्यात घेतलेले नाही. तशी नोंद मी त्याच वेळी माझ्या सहीखाली केली आहे.

वरील कारणांमुळे सदर सदस्यांच्या सहभागाने चौकशी निःपक्षपाती होणार नाही, अशी मला वाजवी भीती वाटते. समितीच्या इतर सदस्यांबाबत माझी हरकत नाही.

विनंती अशी : सदर सदस्यांना या चौकशीपुरते बाजूला करून त्यांच्या जागी दुसऱ्या सदस्याची लेखी नेमणूक करावी. या पत्रावर निर्णय होईपर्यंत साक्षीदार तपासू नयेत. हे पत्र चौकशीच्या नोंदीत सामील करावे. निर्णय कारणांसह लेखी कळवावा. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी यासाठी माझे पूर्ण सहकार्य राहील.

या पत्रातल्या तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

‘माझ्याकडे याची कागदपत्रे नाहीत’ हे वाक्य तिला कमकुवत करते असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याने पत्र भक्कम झाले. पतसंस्थेतल्या ओळखीच्या कारकुनाकडून कर्जखात्याचा फोटो मिळवायचा मोह तिला झाला होता. तसे केले असते तर तो फोटो कुठून आला, हाच चौकशीचा विषय झाला असता आणि बिचाऱ्या कारकुनाची नोकरी धोक्यात आली असती. ज्याला माहिती आहे त्यालाच ‘होय की नाही’ विचारणे जास्त सोपे. नाही म्हणावे तर पतसंस्थेत नोंद आहे, हो म्हणावे तर प्रश्न मिटला, आणि उत्तरच दिले नाही तर ते मौनही नोंदीत राहते.

जामीन आणि निष्कर्ष यांचा दुवा तिने एका वाक्यात जोडून दिला. नुसते ‘जामीनदार आहेत’ लिहून थांबले तर वाचणारा ‘मग काय झाले, कारखान्यात सगळेच एकमेकांना जामीन राहतात’ असे म्हणतो, आणि त्यात तथ्यही आहे. या निष्कर्षाने याच माणसाच्या खिशाला झळ बसू शकते, हे लिहिले की मुद्दा मैत्रीचा राहत नाही. न्यायालये आर्थिक हितसंबंध आणि ओळख-मैत्री यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. खिशाचा संबंध थोडा असला तरी पुरतो. मैत्रीच्या बाबतीत ती किती घट्ट, किती जवळची हे पाहिले जाते. एकाच मजल्यावर बसणे किंवा एकमेकांच्या घरच्या पूजेला जाणे एवढ्याने सहसा भागत नाही.

आणि ‘इतर सदस्यांबाबत माझी हरकत नाही’. हे लिहिणे तिला फार जड गेले. एचआरच्या अधिकाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणे आणि हरकत घेण्याजोगे कारण असणे यांत अंतर आहे, आणि त्या वाक्याने पत्र वाचणाऱ्याला कळले की ही बाई चौकशी मोडायला निघालेली नाही, तिला चौकशी हवी आहे.

पत्र तिने संचालकांच्या कार्यालयात बंद पाकिटात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही अशी पोच घेतली. तेच पत्र त्याच संध्याकाळी कंपनीच्या मेलवरूनही पाठवले. युनियनच्या पदाधिकाऱ्यांना प्रत द्यावी असे काहींनी सुचवले होते, ती दिली नाही. कलम १६ खाली तक्रारीचा मजकूर, दोन्ही बाजूंची ओळख आणि चौकशीची कार्यवाही जाहीर करण्यास मनाई आहे. हरकतीच्या पत्रात हे सगळे असते. ते कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले असते तर गोपनीयता मोडल्याचा ठपका तिच्यावरच आला असता.

चौथ्या दिवशी अध्यक्षांचा मेल आला. सर्व सदस्यांनी नेमणुकीच्या वेळी निःपक्षपाती राहण्याचे निवेदन दिलेले आहे, कायद्यात सदस्यावर हरकत घेण्याची तरतूद नाही, सबब बैठक ठरल्याप्रमाणे गुरुवारी होईल. जामिनाबद्दल एक शब्द नाही. फोनवर त्यांनी आपुलकीनेच सांगितले, “हे बघ, आता हे मध्येच काढू नकोस. चौकशी होऊ दे, मग बघू.”

ही आपुलकी खोटी होती असे मी म्हणणार नाही. समितीच्या अध्यक्षपदी बसलेल्या बाईही नोकरदारच असतात, सहकाऱ्याला ‘तुम्ही बाजूला व्हा’ म्हणणे त्यांना अवघड जाते. पण ‘मग बघू’ हा सल्ला माणकलालचा रस्ता आहे. तो ऐकायचा नाही.

गुरुवारी ती बैठकीला गेली आणि बसताक्षणी एक चार ओळींचा कागद अध्यक्षांच्या हाती दिला : ‘दि. … च्या हरकतीवर नियोक्त्यांचा निर्णय मला मिळालेला नाही. ती हरकत कायम ठेवून, तिला बाधा न येता मी आजच्या बैठकीस हजर राहत आहे. हे रोजनाम्यात नोंदवावे.’ हजर राहिल्यामुळे गैरहजेरी लागली नाही, आणि हरकत कायम ठेवल्यामुळे ती सोडून दिली असेही कुणाला म्हणता येईना. अशा नोंदीला मोठी भाषा लागत नाही, ती प्रत्येक बैठकीत पुन्हा करायची मात्र असते.

कोंडी फोडली ती बाह्य सदस्य असलेल्या वकील बाईंनी, जिच्यावर पहिल्या मसुद्यात चिखल उडणार होता तिनेच. कागद वाचून त्यांनी खरेदी व्यवस्थापकांना सरळ विचारले, “जामिनाचं खरं आहे का?” ते म्हणाले, “हो, पण ते चार वर्षांपूर्वीचं आहे. कर्ज अजून चालू आहे, पण हप्ते वेळेवर जातात.” हे उत्तर रोजनाम्यात आले. त्यानंतर बैठक चालवण्यात अर्थ नाही, असे बाह्य सदस्यांनी नोंदवले आणि बैठक तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात खरेदी व्यवस्थापकांनी ‘चौकशीबाबत शंका राहू नये म्हणून’ या प्रकरणातून बाजूला होत असल्याचे लिहून दिले, आणि संचालकांनी भांडार विभागातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंची त्यांच्या जागी नेमणूक केली. समितीत त्यांनी पक्षपात केला असे कुठेही लिहिले गेले नाही. तशी गरजही नव्हती.

कंपनीने नमते घेतले त्याला व्यवहारी कारणही होते. सदोष समितीचा अहवाल कंपनीच्याच अंगावर येतो. गोवा विद्यापीठातल्या प्राध्यापकाचे ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरण कंपनीच्या वकिलांना ठाऊक होते. २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवर समितीने एकामागून एक बैठका घेऊन घाईने चौकशी उरकली, प्राध्यापकांना सेवेतून काढले गेले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्याय पाळला नाही म्हणून ती कारवाई रद्द करून प्रकरण मागच्या टप्प्यावर परत पाठवले. तिथला दोष घाईचा होता, मैत्रीचा नव्हता, आणि दाद मागणारा प्रतिवादी होता. पण नुकसान तक्रारदारांचेही झालेच : इतक्या वर्षांनी पुन्हा तेच सगळे सांगायला उभे राहायचे. निःपक्षपाती समितीचा हक्क प्रतिवादीलाही तेवढाच आहे. तक्रारदाराची जवळची मैत्रीण समितीत असेल तर तोही हेच पत्र लिहू शकतो, आणि ते तितक्याच गांभीर्याने घ्यावे लागते.

सदस्य बदलल्यावर आधीच्या कामकाजाचे काय, हा प्रश्न राहिला. अनेक ठिकाणी इथे गोंधळ होतो. नव्या सदस्याने काहीच ऐकलेले नाही, आणि जो ऐकतो त्यानेच निर्णयात भाग घ्यावा हे साधे तत्त्व आहे. दुसरीकडे, तक्रारदाराला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायला लावणे क्रूरपणाचे आहे. समितीने तिलाच विचारले. तिने तिचा मूळ जबाब तसाच ठेवायला सांगितले, नव्या सदस्यांनी तो वाचून हवे तर प्रश्न विचारावेत असे लिहून दिले. बाजूला झालेल्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर विचारात घेऊ नये, अशी नोंद झाली. साक्षीदार अजून तपासलेच नव्हते, कारण पत्रात तशी विनंती होती. तपासले असते तर त्यांना पुन्हा बोलवावे लागले असते, आणि कारखान्यात साक्षीदार दुसऱ्यांदा येताना बरेचदा वेगळे बोलतो.

तिने आणखी एक मागणी ऐन वेळी केली आणि ती मान्य झाली : बाजूला झालेल्या सदस्यांना चौकशीचे मेल, जबाब, अहवालाचा मसुदा यांपैकी काहीही मिळू नये. समितीच्या मेल ग्रुपमधून त्यांचे नाव त्याच दिवशी काढले गेले. खुर्ची सोडली तरी मेलमध्ये नाव राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

संचालकांनी नकार दिला असता तर तिच्या हाती काय होते? केवळ सदस्य पक्षपाती वाटतो म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येत नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अंतर्गत समिती नसेल किंवा तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल तेव्हाचा तो मार्ग आहे. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण चौकशी अर्धवट असताना न्यायालय सहसा हात घालत नाही आणि खर्च मोठा असतो. मग हरकत कायम ठेवून चौकशी पूर्ण करायची, निष्कर्षांची प्रत मिळाल्यावर समितीकडे जे लेखी म्हणणे देता येते त्यात हा मुद्दा पुन्हा मांडायचा, आणि शिफारशी विरुद्ध गेल्या तर कलम १८ खाली ९० दिवसांत अपील करायचे. त्या अपिलात पहिले पत्र, त्याची पोच, अध्यक्षांचा चौथ्या दिवशीचा मेल आणि प्रत्येक बैठकीतली हरकतीची नोंद हाच पुरावा असतो.

तसे करावे लागले नाही. चौकशी ८४ व्या दिवशी पूर्ण झाली आणि अहवाल दहा दिवसांच्या मुदतीत संचालकांकडे गेला. पाच आरोपांपैकी तीन सिद्ध झाल्याचा आणि दोनांना पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष होता. प्रतिवादींची पदावनती झाली आणि दुसऱ्या प्रकल्पात बदली झाली. त्या दोन आरोपांबाबत तक्रारदार आजही समाधानी नाही. पण त्यांवर अपील करायचे की नाही हे तिने अहवाल वाचून ठरवले, समितीत कोण बसले होते ते आठवून नव्हे. हरकतीचे पत्र आणि बाजूला झाल्याचे निवेदन, दोन्ही अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलेले आहेत.